तपासणीचे 6,800 भरले, परत आले 1,300

प्रश्न : आई-बाबांसाठी (वय 54 आणि 58) दोन वेगळ्या आरोग्य पॉलिसींचे अर्ज भरले. कंपनीने सांगितलेल्या लॅबमध्ये दोघांची तपासणी झाली, प्रत्येकी 3,400 रुपये भरले. एजंट म्हणाला होता, "पॉलिसी निघाली की पैसे परत." आईची निघाली, बाबांना नकार आला. खात्यात आले फक्त 1,300. बाकीचे कुठे गेले? — एक वाचक, सांगली

एजंट खोटं बोलला नाही, त्याने वाक्य अर्धंच सांगितलं. आता पावती समोर ठेवून हिशेब करू.

विमा नियामकाच्या 2016 च्या आरोग्य विमा नियमावलीत याबद्दल सरळ तरतूद होती. तपासणीचा खर्च एरवी हप्ता ठरवतानाच धरलेला असावा. पण पॉलिसी एक वर्षाची किंवा त्याहून कमी मुदतीची असेल आणि खर्च ग्राहकाला करायला लावला असेल, तर अर्ज स्वीकारल्यावर निदान निम्मा खर्च कंपनीने सोसावा. प्रवास विमा तेवढा यातून वगळला होता. 2024 मध्ये जुन्या नियमावल्या जाऊन नवी चौकट आली, पण "निम्मे परत" ही रीत अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकांत अजून तशीच आहे. काही कंपन्या पूर्ण रक्कम देतात. काही लॅबचं बिल परस्पर भागवतात आणि ग्राहकाकडून पैसेच घेत नाहीत. तुमच्या पॉलिसीला यातलं काय लागू आहे ते तिच्या माहितीपत्रकात "विमापूर्व वैद्यकीय तपासणी" या परिच्छेदात मिळेल. भांडायचं तर तो कागद घेऊन भांडा. एजंटचा शब्द तिथे चालत नाही.

तुम्ही पाठवलेल्या पावतीत खरी मेख आहे. कंपनीच्या पत्रात रक्त, लघवी, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए1सी, लिपिड, क्रिएटिनिन आणि ईसीजी एवढंच मागितलं होतं आणि त्याचे 2,600 झाले. उरलेले 800 थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी चे. "काका, पॅकेजमध्येच घ्या, स्वस्त पडेल," असं काउंटरवर सांगून ते जोडलेले दिसतात. कंपनीने न मागितलेल्या चाचणीचा खर्च कंपनी देत नाही. म्हणजे आईचे 2,600, त्याचे निम्मे 1,300. तुमच्या खात्यात आलेली रक्कम हीच.

बाबांचा अर्ज नाकारला गेला, म्हणून "स्वीकारल्यावर" ही अटच पुरी झाली नाही. त्यांचे 3,400 गेले असं धरून चाला. मात्र माहितीपत्रकात "नकार आला तरी खर्च आमचा" असं लिहिलं असेल तर ते मागा. अशाही कंपन्या आहेत.

पैशांहून मोठी गोष्ट पुढे आहे. बाबांचे रिपोर्ट आणि नकाराचं कारण कंपनीकडून लेखी मागून घ्या. एचबीए1सी 9.1 आलं असेल तर ते आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. दुसऱ्या कंपनीच्या अर्जात "पूर्वी कुठे अर्ज नाकारला गेला का?" हा प्रश्न येईल. तिथे "नाही" लिहिलंत तर पुढे दावा अडकायला तेवढंच कारण पुरतं.

प्रश्न : एक कोटीची टर्म पॉलिसी घेतली, वार्षिक हप्ता 16,425. तपासणी घरी येऊन झाली, "पूर्ण मोफत" म्हणाले. अठरा दिवसांनी विचार बदलून पॉलिसी परत केली, तर 10,865 च आले. मोफत तपासणीचे पैसे कापले, हे कायदेशीर आहे का? — पुणे

आहे. त्या तपासणीचे पैसे कंपनीने भरले होते, ते अनेक वर्षांच्या हप्त्यांतून वसूल होतील या हिशेबाने. तुम्ही अठराव्या दिवशी निघालात, म्हणून बिल तुमच्याकडे आलं.

पॉलिसीचा दस्तऐवज हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. त्यात तीन गोष्टी कापायची मुभा कंपनीला आहे : जितके दिवस संरक्षण होतं तितक्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. तुमच्या पत्राप्रमाणे अठरा दिवसांचे 810 कापले गेले. मुद्रांक 2,000, कारण जीवन विम्यात दर हजारी 20 पैसे या दराने एक कोटीचे तेवढेच होतात. तपासणीचे 2,750. बेरीज 5,560, आणि 16,425 मधून ती गेली की 10,865 उरतात.

तक्रारीला जागा आहे ती 2,750 या आकड्यात. कंपनीने लॅबला प्रत्यक्ष काय दिलं तेवढंच कापलं जायला हवं; त्याचा तपशील ईमेलने मागा. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर. महिनाभरात काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

प्रश्न : ऑफिसतर्फे मागच्याच महिन्यात सगळ्या तपासण्या झाल्या. तेच रिपोर्ट का चालत नाहीत? पुन्हा पैसे का द्यायचे? — ठाणे

रक्त तुमचंच होतं याची खात्री कंपनीला हवी असते, म्हणून. ठरलेल्या लॅबमध्ये ओळखपत्र पाहतात, फोटो काढतात आणि रिपोर्ट थेट कंपनीकडे जातो, तुमच्या हातून नाही. तरी विचारून पाहा. एखादा महागडा रिपोर्ट, समजा ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासणाऱ्या टीएमटीचा, अगदी ताजा असेल तर अर्जाची जोखीम तपासणारा कंपनीचा अंडररायटर कधी कधी तो मान्य करतो. असं झालं तर होकार ईमेलवर घ्या.

प्रश्न : तपासणीनंतर कंपनीने रक्तदाबासाठी हप्ता 20 टक्क्यांनी वाढवून सांगितला. मला तो मान्य नाही. मी नाही म्हटलं तर तपासणीचे पैसे मिळतील का? — नाशिक

बहुधा नाही. वाढीव हप्त्याचा प्रस्ताव, ज्याला लोडिंग म्हणतात, हा कंपनीच्या दृष्टीने होकारच असतो. तो तुम्ही नाकारलात तर पॉलिसी निघत नाही, आणि परतावा पॉलिसी निघण्याशी बांधलेला असतो. हप्ता आधीच भरला असेल तर तो परत करताना तपासणीचा खर्च वळता होणार का, हे अर्जावरच्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं. सही करताना तो मजकूर कोणी वाचत नाही. मीही माझ्या पहिल्या पॉलिसीच्या वेळी वाचला नव्हता.

नकार कळवण्याआधी आकडे मांडून पाहा. मूळ हप्ता 14,000 असेल तर 20 टक्के म्हणजे वर्षाला 2,800 जास्त. दुसरीकडे अर्ज केलात तर रक्तदाब तोच असणार, तपासणी नव्याने, आणि "याआधी कुठे लोडिंग लागलं का?" याला "हो" लिहावं लागेल. दुसरी कंपनी लोडिंग न लावता घेईलही, पण रक्तदाब गोळ्यांनी काही महिने आटोक्यात असल्याचे कागद असतील तर ती शक्यता वाढते.

प्रश्न : बंद पडलेली जीवन विमा पॉलिसी पुन्हा चालू करायची आहे. तपासणीचा खर्च कोणाचा? — कोल्हापूर

साधारणपणे तुमचा. नव्या पॉलिसीला कंपनी खर्च सोसते, पण हप्ता थकवून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करताना वैद्यकीय तपासणी पॉलिसीधारकाच्या खर्चाने होते, आणि पॉलिसी चालू झाली तरी तो परत येत नाही. तपासणीला जाण्याआधी शाखेतून नेमक्या चाचण्यांची यादी लेखी घ्या. पॉलिसी बंद पडून थोडेच दिवस झाले असतील तर नुसत्या आरोग्याच्या घोषणापत्रावरही काम होतं.