मूळव्याधीचं ऑपरेशन, एफडी आणि विम्याची वाट

प्रश्न: अमळनेरला माझं किराणा दुकान आहे, वय 46. वर्षभरापासून शौचाला रक्त पडतं. जळगावच्या एका सर्जननी लेझर ऑपरेशनचं 90,000 चं पॅकेज सांगितलं. मेडिक्लेम घेऊन 14 महिने झाले. दीड लाखाची एफडी मोडून आत्ताच करू, की विम्यासाठी थांबू?

भाऊ, मूळव्याध कितव्या ग्रेडची आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि पैशांचं सगळं गणित तिथेच अडकलंय. कोंब शौचानंतर आपोआप आत जात असतील तर दुसरी ग्रेड, बोटाने ढकलावे लागत असतील तर तिसरी. दुसऱ्या ग्रेडला बऱ्याचदा औषधं, इसबगोल आणि लागलंच तर रबर बँड यावर भागतं. बँड ओपीडीतच, भूल न देता लावतात. म्हणून आधी जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दुसरं मत घ्या. तिथे कुणाला पॅकेज विकायचं नसतं. या वयात रक्त पडतंय म्हणजे ते मूळव्याधीचंच असं धरून चालू नका. कोलोनोस्कोपी लागेल का, हेही विचारा.

तिसरी ग्रेड निघाली तरच एफडीचा विचार. बहुतेक मेडिक्लेममध्ये मूळव्याधीला 24 महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तुम्हाला अजून 10 महिने. डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले आणि हिमोग्लोबिन टिकून असेल तर थांबा. मात्र केसपेपरवर त्रास कधीपासून आहे ते बरोबर लिहिलंय ना, पाहा. ‘दोन वर्षांपासून’ असं घाईत लिहिलं गेलं, तर पॉलिसीआधीचा आजार लपवला म्हणून क्लेम अडतो. उलट, खोटी तारीखही लिहून घेऊ नका.

थांबणं शक्य नसेल तर एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. समजा एफडीला 7 टक्के मिळतात आणि कर्ज 8 टक्क्यांनी आहे. 90,000 वर 10 महिन्यांचं व्याज 6,000; तेवढ्याच रकमेवर एफडी 5,250 देत राहते. खरा भुर्दंड 750 चा. मुदतीआधी मोडली तर पूर्ण दीड लाखावरचं व्याज कमी होतं.

पॅकेजवाल्या सर्जनना विचारायचं ते असं: लेझरच का, साध्या ऑपरेशनला किती? भूलतज्ज्ञ, तपासण्या, औषधं 90,000 मध्येच का? डे-केअर म्हणजे सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. पण पाठीतल्या भुलीनंतर कधी लघवी अडते आणि रात्र काढावी लागते, तिचं बिल वेगळं का? उत्तरं अंदाजपत्रकावर लेखी घ्या.

आणि आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा रात्री फोन कुणाला करायचा तेही. अमळनेरहून जळगाव काही शेजारी नाही. उघड्या जखमेचं ऑपरेशन झालं तर दुकानावर दोन-तीन आठवडे दुसरं कुणीतरी बसवावं लागेल. तो खर्च कुठल्याच पॅकेजात नसतो.