80D शून्य करून डिमांड आली आहे? भरण्याआधी स्वतःचं रिटर्न उघडून बघा

"जुन्या पद्धतीने रिटर्न भरलं होतं, असेसमेंट इयर 2025-26. 80D मध्ये आमच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीचे 25,000 आणि आई-बाबांच्या पॉलिसीचे 50,000 दाखवले होते. नोव्हेंबरमधल्या इंटिमेशनमध्ये ते 75,000 थेट शून्य करून 25,270 ची डिमांड काढली आहे. रिटर्न भरून देणारे काका म्हणतात, रक्कम मोठी नाही, भरून मोकळ्या व्हा. रेक्टिफिकेशन जमेल का? नक्की काय निवडायचं?"

ताई, काकांचं ऐकू नका. मी सीए नाही, पण हेच प्रकरण, हीच 80D, माझ्या वाट्याला आलं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी डिमांडचा हिशोब जुळवून बघा, म्हणजे दुसरं काही लपलेलं नाही याची खात्री होईल. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर 75,000 वर कर 22,500, त्यावर 4 टक्के सेस 900, एकूण 23,400. उरलेलं 234B चं व्याज. ते एप्रिलपासून इंटिमेशनच्या महिन्यापर्यंत महिना 1 टक्का, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत 8 महिन्यांचे 1,872. बेरीज 25,272, दहाच्या पटीत 25,270. तुमचा आकडा बरोब्बर तोच आहे. म्हणजे सीपीसीने, आयकर खात्याच्या बंगलोरच्या प्रोसेसिंग केंद्राने, बाकी कशाला हात लावलेला नाही, भांडण फक्त 80D चं. आकडा जुळला नसता तर टीडीएसचा रकाना आधी बघायला सांगितलं असतं.

आता खरा प्रश्न, चूक कुठे आहे? पोर्टलवर `View Filed Returns` मध्ये जाऊन भरलेला फॉर्म डाउनलोड करा. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कॉम्प्युटेशन नको, सबमिट झालेला फॉर्मच. त्यात वजावटींच्या यादीत 75,000 दिसतीलच. त्यावर थांबू नका, 80D चा वेगळा तक्ता शोधा. आई-वडिलांपैकी कोणी ज्येष्ठ नागरिक आहे का, याचं उत्तर "हो" आहे का? प्रीमियम योग्य ओळीत आहे का? विमा कंपनी आणि पॉलिसी नंबर भरलेत का? यादीत आकडा आणि तक्ता रिकामा, असं भरपूर वेळा सापडतं.

तक्ता नीट भरलेला असेल तर चूक प्रोसेसिंगची. मग `Services > Rectification` मध्ये `Reprocess the return` निवडा. त्यात काही बदलता येत नाही आणि लांबलचक बाजू मांडायलाही जागा नसते, तेच रिटर्न पुन्हा चालवा एवढीच विनंती जाते. तक्ता रिकामा किंवा चुकीचा असेल तर `Return data correction`. इथे फक्त 80D दुरुस्त करून भागत नाही, बाकीचे तक्तेही पुन्हा पूर्ण भरावे लागतात आणि नवी वजावट घुसवता येत नाही. रिकाम्या तक्त्यावर `Reprocess` मारलंत तर तीच डिमांड पुन्हा छापून येईल. वर पहिला अर्ज निकाली निघेपर्यंत त्याच इंटिमेशनवर दुसरा टाकता येत नाही, म्हणजे मधला सगळा काळ फुकट. म्हणून आधी तक्ता, मग बटण.

आता माझ्या प्रकरणात जे सगळ्यात महागात पडलं ते. माझं रिटर्न भरून देणाऱ्या गृहस्थांनी (नाव घेत नाही, माणूस अजून आमच्याच भागात दुकान मांडून बसलाय) पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकून ठेवला होता. वजावट कापण्याआधी सीपीसी प्रस्तावाची सूचना पाठवते, उत्तराला 30 दिवस देते. ती गेली त्यांच्याकडे. डिमांडही गेली त्यांच्याकडे. आणि यादीत काही प्रलंबित दिसू नये म्हणून या भल्या माणसाने `Response to Outstanding Demand` मध्ये जाऊन, मला न विचारता, `Demand is correct` वर टिक केली! एकदा ते मान्य केलं की पोर्टल त्या डिमांडवर असहमती घेतच नाही. मला कळलं कधी, तर पुढच्या वर्षीचा रिफंड कलम 245 खाली त्या डिमांडपोटी वळता झाला तेव्हा. आयकरच्या वॉर्ड ऑफिसात गेलो तर म्हणे हे बंगलोरचं काम, आमच्याकडे काही नाही. हेल्पलाइन म्हणे तुम्हीच मान्य केलंय ना सर. आणि आमचे गृहस्थ? "अहो, सगळेच करतात तसं." ऑफिसातून अर्धी रजा टाकून, भर दुपारी लोकल पकडून हे ऐकायला जायचं.

टिक केली म्हणून कलम 154 चा, म्हणजे रेक्टिफिकेशनचा हक्क जात नाही, हे मला सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं. माझा तक्ता बरोबर होता, `Reprocess` टाकलं, डिमांड शून्य झाली आणि वळवलेला रिफंड परत आला. पण मधे पैसे अडकले ते अडकलेच.

म्हणून तुम्ही आजच प्रोफाइल उघडून ईमेल-मोबाइल आपला आहे का बघा. रेक्टिफिकेशन टाकून झालं की `Response to Outstanding Demand` मध्ये `Disagree with demand` निवडा आणि कारणात सीपीसीकडे रेक्टिफिकेशन टाकल्याचं दाखवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळ जण एक करून दुसरी विसरतात आणि रिफंड वळता होतो. 245 ची सूचना आली तर तिलाही 21 दिवसांत उत्तर द्या. रेक्टिफिकेशनसाठी आधी पैसे भरायची अट नाही. मात्र डिमांडचे 30 दिवस उलटल्यावर 220(2) चं व्याज महिना 1 टक्का, तुमच्या बाबतीत अडीचशेच्या आसपास, धावत राहतं. डिमांड गेली की तेही जातं.

मुदतीचं म्हणाल तर 154 ला घाई नाही. इंटिमेशन ज्या आर्थिक वर्षात निघालं ते संपल्यापासून 4 वर्षं, म्हणजे तुम्हाला 31 मार्च 2030 पर्यंत. अर्ज आला त्या महिन्याच्या अखेरीपासून 6 महिन्यांत निकाल द्यायचं बंधन खात्यावर आहे, नाही दिला तर पोर्टलवरच ग्रीव्हन्स टाका. त्यात इंटिमेशनचा आणि रेक्टिफिकेशनचा क्रमांक लिहा, रागाचे परिच्छेद नकोत (मी लिहिले होते, उपयोग शून्य).

अपिलाचं मात्र तसं नाही. इंटिमेशन मिळाल्यापासून 30 दिवस, फॉर्म 35, तुमच्या उत्पन्नाला फी 1,000 रुपये. रेक्टिफिकेशन टाकलं म्हणून ती मुदत थांबत नाही. 154 फक्त रेकॉर्डवरून उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे. प्रीमियम रोखीने भरला होता का, पॉलिसी नक्की कोणाची, असा वाद निघाला तर तो तिथे सुटणार नाही. माझ्या मते तक्ता स्वच्छ असेल तर अपिलाच्या भानगडीत पडू नये, पण हे माझं मत. रेक्टिफिकेशन नाकारलं तर त्या आदेशावरही अपील होतं.

फॉर्म उघडलात की 80D च्या तक्त्यात काय दिसतंय ते इथे टाका. पॅन आणि पॉलिसी नंबर झाकून, कृपया.