सौम्य आम्ल दिसलं म्हणून बफर होत नाही

प्रश्न : बफर कोणता ते ओळखायचं होतं. सगळी द्रावणं ०.१ मोलार.
(अ) ५० मि.लि. CH₃COOH + ५० मि.लि. HCl
(ब) ५० मि.लि. CH₃COOH + ५० मि.लि. NaOH
(क) ५० मि.लि. CH₃COOH + ७५ मि.लि. NaOH
(ड) ५० मि.लि. CH₃COONa + २५ मि.लि. HCl
मी ‘ब’ निवडला. वीक ॲसिड आहे आणि NaOH मुळे त्याचं सॉल्टही तयार होतं. उत्तर ‘ड’ दिलंय, पण त्यात तर वीक ॲसिडच नाही! — बारावीची विद्यार्थिनी, सांगली

क्षार तयार होतो हे तुमचं बरोबर आहे. पण तो तयार होताना आम्ल खर्च होतं, तो हिशेब राहून गेला. पर्यायात लिहिलेली असतात ती बाटलीतून ओतलेली द्रव्यं. बफर ठरतो तो अभिक्रिया संपल्यावर चंचुपात्रात काय उरलं यावर : सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार दोन्ही पुरेसे उरायला हवेत.

म्हणून आधी मिलीमोल काढा. मि.लि.ला मोलारतेने गुणलं की झालं. ‘ब’मध्ये आम्ल ५० × ०.१ = ५ मिलीमोल आणि NaOH सुद्धा ५ मिलीमोल. NaOH तीव्र आम्लारी असल्याने अभिक्रिया जवळजवळ पूर्ण होते:

CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O

आधी ५ आणि ५, नंतर आम्ल ०, NaOH ०, ॲसिटेट ५. म्हणजे १०० मि.लि. पाण्यात उरलं फक्त ०.०५ मोलार सोडियम ॲसिटेट. त्याचा pH ८.७२ येतो. हे क्षाराचं द्रावण झालं, बफर नाही.

आता ‘ड’. ॲसिटेट ५ मिलीमोल, HCl २.५ मिलीमोल. HCl चा H⁺ ॲसिटेट उचलतो आणि त्याचं ॲसिटिक आम्ल होतं. शेवटी ॲसिटेट २.५ आणि ॲसिटिक आम्ल २.५ मिलीमोल. तुम्ही शोधत होतात ते वीक ॲसिड इथे भांड्यातच जन्माला आलं. दोन्ही सारख्या प्रमाणात असल्याने pH = pKa = ४.७४. (‘क’मध्ये २.५ मिलीमोल NaOH शिल्लक राहतो आणि pH १२.३ च्या आसपास जातो, त्यामुळे तो लगेच बाद होतो.)

फरक आकड्यांत बघायचा तर दोन्ही भांड्यांत ०.१ मोलार NaOH फक्त १ मि.लि. घाला, म्हणजे ०.१ मिलीमोल. ‘ड’मध्ये आम्ल २.५ वरून २.४ होतं, ॲसिटेट २.६ होतं:

pH = ४.७४ + log(२.६ / २.४) = ४.७७

बदल ०.०३. ‘ब’मध्ये मात्र हा OH⁻ खाऊन टाकायला आम्लच उरलेलं नाही. तो १०१ मि.लि. मध्ये तसाच पडून राहतो आणि pH ८.७२ वरून थेट ११.० वर जातो. त्याऐवजी तेवढंच HCl घातलंत तर ‘ब’ ६.४३ पर्यंत घसरतो. एक मि.लि.ने एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला दोनाहून जास्त एककं सरकणाऱ्या द्रावणाला बफर म्हणता येत नाही.

प्रश्न : ॲसिटिक ॲसिड पाण्यात थोडं तुटतंच. मग ॲसिड पण आहे, ॲसिटेट पण आहे. नुसतं CH₃COOH बफर का नाही? — अकरावी, नाशिक

शंका चांगली आहे, कारण व्याख्येचे शब्द तेवढे बघितले तर नुसतं आम्लही त्यात बसतं. अडतं ते प्रमाणात.

०.१ मोलार ॲसिटिक आम्लात Ka = १.८ × १०⁻⁵ धरून [H⁺] येतो सुमारे १.३४ × १०⁻³ मोलार, म्हणजे pH २.८७. ॲसिटेटही तेवढंच. आम्लाचे साधारण ७४ रेणू असतील तेव्हा ॲसिटेटचा एक आयन. HCl चे थोडे थेंब पडले तरी ते शोषून घ्यायला हा साठा फारच तुटपुंजा आहे. ५० मि.लि. मध्ये सगळं मिळून ०.०६७ मिलीमोल ॲसिटेट आहे. तुम्ही घातलेलं १ मि.लि. आम्लच ०.१ मिलीमोल घेऊन येतं.

NaOH च्या बाजूनेही चित्र फार बरं नाही. ५० मि.लि. आम्लात तोच १ मि.लि. NaOH घातला तर pH २.८७ वरून सुमारे ३.१८ होतो. बदल ०.३१, म्हणजे वरच्या ‘ड’च्या जवळपास दहापट. आम्ल भरपूर आहे, OH⁻ संपवलाही जातो, तरी pH हलतो. कारण ॲसिटेट इतकं कमी होतं की थोडी भर पडताच ॲसिटेट आणि आम्ल यांचं गुणोत्तर जवळपास दुप्पट होतं. pH त्या गुणोत्तरावर चालतो.

प्रश्न : ‘अ’ का नाही? HCl मुळे कॉमन आयन इफेक्ट लागतो, असं क्लासच्या नोट्समध्ये आहे. — छत्रपती संभाजीनगर

लागतो, पण उलट्या दिशेने. HCl चा H⁺ ॲसिटिक आम्लाचं विघटन दाबतो. ‘अ’मध्ये [H⁺] जवळपास ०.०५ मोलार आहे. Ka च्या सूत्रात घातलं की ॲसिटेट उरतं १.८ × १०⁻⁵ मोलार, तर आम्ल ०.०५ मोलार. गुणोत्तर जवळजवळ २८०० ला १. बफरला ॲसिटेट वाढवणारा समआयन हवा असतो आणि इथे तेच नाहीसं झालं.

एक बारकावा मात्र सांगायला हवा, नाहीतर हुशार विद्यार्थी इथे अडतात. ‘अ’मध्ये १ मि.लि. NaOH घातला तरी pH १.३० वरून १.३१ च होतो. मग हा बफर नाही का? हा टिकाऊपणा मुळात असलेल्या भरपूर H⁺ चा आहे, आम्ल-क्षाराच्या जोडीचा नाही. द्रावण पाण्याने दहापट पातळ करून बघा. ‘अ’चा pH जवळपास एका पूर्ण एककाने चढेल, ‘ड’चा जवळपास जागेवर राहील, कारण पाण्याने आम्ल आणि ॲसिटेट दोन्ही सारखीच पातळ होतात.

प्रश्न : मग NaOH अर्धा घ्यायचा, एवढं पाठ केलं तर चालेल का? — पालक, पुणे

मिलीमोल अर्धे, मि.लि. नव्हे. प्रश्नकर्ते सापळा नेमका इथेच लावतात. ५० मि.लि. ०.१ मोलार CH₃COOH आणि २५ मि.लि. ०.२ मोलार NaOH : आकारमान अर्धं दिसतं, पण NaOH २५ × ०.२ = ५ मिलीमोल आहे. पुन्हा ‘ब’च.

शिवाय ‘अर्धा’ ही सर्वोत्तम जागा आहे, एकमेव नाही. ५० मि.लि. ०.१ मोलार आम्लात ०.१ मोलार NaOH सुमारे ४.५ ते ४५.५ मि.लि. च्या दरम्यान असेल तर ॲसिटेट आणि आम्लाचं गुणोत्तर १:१० ते १०:१ मध्ये राहतं आणि pH ३.७४ ते ५.७४ मध्ये. व्यवहारात हीच बफरची हद्द धरतात. पर्यायात १० किंवा ४० मि.लि. दिसलं तर ते ‘अर्धं नाही’ म्हणून खोडू नका.

४९ मि.लि.? कागदावर दोन्ही घटक आहेत, pH ६.४३. पण पुढचा एक मि.लि. NaOH उरलेलं सगळं आम्ल संपवतो आणि pH ८.७२ वर पोचतो. असा पर्याय आणि २५ मि.लि. चा पर्याय एकाच प्रश्नात असतील तर ‘सर्वात चांगला बफर’ विचारलंय का, ते शब्द शोधा.

प्रश्न : NH₃ आणि HCl चं पण असंच? — लातूर

हो, बाजू बदलून. ५० मि.लि. ०.१ मोलार NH₃ मध्ये २५ मि.लि. ०.१ मोलार HCl घातलं की NH₃ आणि NH₄⁺ २.५-२.५ मिलीमोल, pH ९.२६. HCl ५० मि.लि. झालं की नुसतं NH₄Cl उरतं, म्हणजे बफर गेला.

प्रश्न : HCOOH + CH₃COONa हा बफर धरायचा का? आम्ल एकाचं, क्षार दुसऱ्याचा. आणि HCOOH + CH₃COOH? — स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पणजी

दुसऱ्याचं उत्तर सोपं : नाही. दोन सौम्य आम्लं एकत्र केली तरी H⁺ देणारेच दोन झाले. H⁺ घेणारं कोणी पुरेसं नाही.

पहिला मात्र ‘क्षार त्याच आम्लाचा हवा’ हे वाक्य पाठ करणाऱ्यांना फसवतो. फॉर्मिक आम्लाचा Ka १.८ × १०⁻⁴, म्हणजे ॲसिटिकच्या दहापट. त्यामुळे भांड्यात H⁺ ची देवाणघेवाण होते:

HCOOH + CH₃COO⁻ ⇌ HCOO⁻ + CH₃COOH, K = १०

दोन्ही १-१ मोल घेतले तर समतोलाला फॉर्मेट ०.७६, फॉर्मिक आम्ल ०.२४, ॲसिटिक आम्ल ०.७६, ॲसिटेट ०.२४. म्हणजे एक नाही, दोन जोड्या हजर. pH दोन pKa च्या मधोमध, ४.२४. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा बफर आहे. बहुपर्यायी प्रश्नात मात्र यासोबत CH₃COOH + CH₃COONa सारखा सरळ पर्याय दिला असेल आणि एकच उत्तर निवडायचं असेल, तर तो सरळ पर्यायच निवडा. तिथे हा पर्याय फक्त खोडून टाकण्यासाठी ठेवलेला असतो, असं धरायला हरकत नाही.

प्रश्न : हे प्रयोगशाळेत मुलांना दाखवायचं तर? pH मीटर एकच आहे. — शिक्षिका, रत्नागिरी

फिनॉल्फ्थॅलीन पुरेसं आहे. ‘ब’ आणि ‘ड’ ताजे बनवून प्रत्येकात दोन थेंब टाका. हा दर्शक साधारण ८.२ ते १० मध्ये रंगतो, त्यामुळे ‘ब’ आधीच फिकट गुलाबी दिसू शकेल आणि ०.१ मोलार NaOH चे मोजके थेंब पडताच गडद होईल. ‘ड’ला कायमचा गुलाबी रंग यायला ब्युरेटमधून जवळपास २५ मि.लि. लागतील, कारण त्यात २.५ मिलीमोल आम्ल दबा धरून बसलंय. मुलांना तो आकडा आधी गणिताने काढायला लावा.

मीटर वापरणार असाल तर ‘ब’चं वाचन ८.७२ च्या खाली येईल, आणि तेही हळूहळू खाली सरकत राहील. मीटरमध्ये बिघाड समजून पुन्हा पुन्हा कॅलिब्रेशन करत बसू नका. हवेतला आणि ऊर्ध्वपातित पाण्यातला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळत असतो आणि तेवढं आम्लही या द्रावणाला पेलत नाही. ‘ड’मध्ये तोच इलेक्ट्रोड बुडवला की काटा ४.७ च्या आसपास स्थिरावतो.