भाडं वाढवायच्या नादात यील्ड कसं घसरलं, माझा पाच वर्षांचा हिशोब

प्रश्न: फ्लॅट 45 लाखांचा, भाडं 18 हजार. रिकामे महिने आणि देखभालीचा खर्च धरून खरं रेंटल यील्ड कसं काढायचं? भाड्याच्या 8% खर्च धरला तर चालेल का?

8% नाही चालणार. माझ्याकडे पाच वर्षांची वही आहे, त्यात हातात आलेल्या भाड्यातले 39% खर्चात गेलेत, आणि रिकामे महिने त्यात धरलेलेच नाहीत, ते वेगळे.

माझा फ्लॅट 50 लाखांचा. नोंदणी, किचनचं काम, पंखे, गीझर सगळं धरून माझ्या खिशातून गेले 55 लाख, त्यामुळे भागायचं ते 55 नेच. भाडं ठरलं 16 हजार. सगळे करतात तसं 16 गुणिले 12 भागिले 50 केलं की 3.84% येतं, आणि माझा दादा अजून तोच आकडा सांगत फिरतो.

पहिलं जोडपं 34 महिने राहिलं. या काळात खर्च म्हणजे मेंटेनन्स महिना 2,200, घरपट्टी वर्षाला 7 हजार, सुरुवातीची एका महिन्याची दलाली आणि किरकोळ दुरुस्ती, बस. तेव्हा हिशोब केला असता तर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास सुटत होते. आणि महत्त्वाचं म्हणजे नळ ठिबकायला लागला की त्याच दिवशी त्यांचा फोन यायचा, मी प्लंबर पाठवायचे, दोन-चारशेत विषय संपायचा.

मग करार संपत आला तेव्हा दादा म्हणाला, "अगं, त्या बिल्डिंगमध्ये 18 चालू आहे, तू 16 वर का बसलीयेस? सरळ 18 सांग, नाही तर जाऊ दे म्हणावं." मी म्हटलं चांगली माणसं आहेत, 500 वाढवते. त्यावरून घरात चांगलंच वाजलं, भावनेत अडकून धंदा होत नसतो वगैरे ऐकून घेतलं आणि शेवटी मी 18 सांगितले. ती माणसं महिन्याभरात दुसरीकडे गेली.

पुढे 5 महिने फ्लॅट बंद. पहिले दोन महिने आम्ही 18 वरच अडून बसलो, मग रंगकाम काढलं 26 हजारांचं, मग 17 वर माणूस मिळाला, त्याची दलाली 17 हजार. मधे एकदा दार उघडलं तर आत उभं राहवेना इतका वास. घर बंद राहिलं की नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि खालच्या पाइपातला वास सरळ वर येतो, तो बादलीभर पाणी ओतलं की जातो. पण बाथरूममधल्या पाइपाला गळती लागलीय हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण आत बघायला माणूसच नाही! खालच्या काकूंच्या छताला ओल येऊन पोपडे पडायला लागले तेव्हा कळलं. टाइल्स फोडून पाइप बदलून परत बसवायला आणि त्यांचं छत नीट करून द्यायला 38 हजार गेले.

दुसरा भाडेकरू 11 महिन्यांत गेला, मग 3 महिने रिकामे, परत रंग 24 हजार, परत दलाली 17 हजार. तिसरा आला 17 वर, माझी पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्याचे 7 महिने झाले होते.

आता बेरीज. 60 महिन्यांपैकी 8 रिकामे. भाडं आलं 5,44,000 आणि 1,87,000 आणि 1,19,000, म्हणजे 8,50,000. खर्चात मेंटेनन्स 1,32,000 (रिकाम्या महिन्यांचा पण भरावाच लागतो, हे लोक विसरतात), घरपट्टी 35,000, दलाली तीन वेळची 50,000, रंग 50,000, दुरुस्त्या सगळ्या मिळून 65,000, बंद घराचं लाइटबिल 2,000. एकूण 3,34,000. उरले 5,16,000, वर्षाला 1,03,200, भागिले 55 लाख म्हणजे 1.88%. सांगायला 3.84, हातात 1.88.

दादाला मी जे दाखवते ते हे. भाडं शेवटी वाढलं किती, तर महिन्याला 1,000. त्यासाठी पहिल्या बदलात गेले 5 महिने म्हणजे 80,000, दलाली 17,000, रंग 26,000, बेरीज 1,23,000. ते महिन्याला हजारने भरून निघायला 123 महिने लागतात, दहा वर्षं! 18 मिळाले असते तरी पाच वर्षं लागली असती. तेच पहिलं जोडपं 16 वरच पूर्ण पाच वर्षं राहिलं असतं आणि मधे एकदा 26 हजारांचा रंग दिला असता तरी माझ्याकडे 1,70,000 जास्त राहिले असते आणि यील्ड अडीच टक्क्यांवर गेलं असतं. गळतीचे 38 हजार मी या वाचलेल्या पैशांत धरलेच नाहीत, पाइप कधीतरी गेलाच असता. यावर दादाचं एकच, भाडेकरू काय येतात-जातात. अहो येतात-जातात तिथेच तर पैसे जातात.

म्हणून तुम्ही खर्चाची टक्केवारी धरून बसूच नका. दोन ढीग करा. एक दर महिन्याला लागतोच तो, मेंटेनन्स आणि घरपट्टी. दुसरा भाडेकरू बदलला की लागतो तो, म्हणजे रिकाम्या महिन्यांचं बुडालेलं भाडं, दलाली, रंग आणि जाणाऱ्याने मागे ठेवलेली दुरुस्ती. दुसऱ्या ढिगाला तुमचा भाडेकरू सरासरी जितके महिने टिकतो अधिक तो गेल्यावर घर जितके महिने रिकामं राहतं त्या बेरजेने भागा, तो आकडा आणि पहिल्या ढिगाचा महिन्याचा खर्च दर महिन्याच्या भाड्यातून वजा करा, उरलं ते गुणिले 12 भागिले खिशातून गेलेले एकूण पैसे. रिकामा काळ मोजताना जुन्याने भाडं भरलेला शेवटचा दिवस ते नव्याचं भाडं चालू झालेला पहिला दिवस असा मोजा, रंगाचे आणि "सामान लावायला आठ दिवस फुकट द्या"वाले दिवस पण त्यातच. आणि निदान एक पूर्ण फेरी, म्हणजे एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा काळ त्यात असू दे, नाहीतर माझ्या पहिल्या 34 महिन्यांसारखं गोड चित्र दिसेल.

तुमच्या 45 लाखांत नोंदणी आणि फर्निचर धरलंय का ते बघा आधी. कर्जाचा हप्ता यात घालू नका, तो तुम्ही पैसे कुठून आणलेत त्याचा हिशोब, फ्लॅटच्या कमाईचा नाही. डिपॉझिट पण भाड्यात मिळवू नका, ते परत द्यायचंय. इन्कम टॅक्स मी धरला नाहीये, तो ज्याचा त्याचा. आणि फ्लॅट ठेवू की विकू असा प्रश्न असेल तर भागायला जुनी किंमत चालत नाही, आज विकून खर्च वजा जाता हातात काय येईल तो आकडा घ्यायचा. माझ्या बाबतीत तो 65 लाख धरला तर यील्ड 1.6% च्या खालीच जातं.

हे पण खरं की एखाद्याचं भाडं बाजारापेक्षा खूपच खाली असेल, समजा 16 च्या जागी 22 मिळत असतील, तर 6 हजारने तो 1,23,000 चा खड्डा 21 महिन्यांत भरतो, तिथे दादाचं बरोबर ठरेल. पण 1-2 हजारांसाठी नाही.

आत्ताच्या भाडेकरूचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. मी 500 वाढवून मागितले, तो हो म्हणालाय, आणि बाथरूमचा नळ ठिबकतोय हे पण त्याच फोनवर सांगितलं त्याने. प्लंबर उद्या जातोय.