केटली, वॅट आणि त्याच्या आधीचं इंजिन

प्रश्न : शाळेत शिकलो की केटलीचं झाकण उडताना बघून जेम्स वॅटला वाफेचं इंजिन सुचलं. आता वाचतोय की त्याच्या आधीच न्यूकोमेन नावाच्या कुणाचं तरी इंजिन चालत होतं. मग खरा शोध कुणाचा? आणि दोन्ही इंजिनांत फरक तरी काय होता?

उत्तर : माझं मत न्यूकोमेनला. केटलीची गोष्ट विसरा, कारण त्या काळच्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलतच नव्हती.

वाफेवर खटपट करणारे न्यूकोमेनच्या आधीही होते. डेनिस पापॅं हा फ्रेंच माणूस प्रेशर कुकरचा मूळपुरुष. वाफ थंड झाली की पोकळी होते आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येतो, हे त्याने 1690 मध्ये लहानशा नळकांड्यात दाखवलं होतं. थॉमस सेव्हरीने 1698 मध्ये पाणी उपसायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, पण त्यात दट्ट्या नव्हता. पाणी जास्त वर चढवायचं तर वाफेचा दाब वाढवावा लागे, आणि त्या दाबाला तेव्हाचे सांधे टिकत नसत. खोल खाणीत त्याचा उपयोग झाला नाही.

थॉमस न्यूकोमेन हा डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी. जोडीदार जॉन कॅली याच्याबरोबर त्याने 1712 मध्ये इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर इंजिन उभं केलं. वर जाडजूड तुळई, तिच्या एका टोकाला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला खाणीतल्या पंपाचा दांडा. दांड्याच्या वजनाने दट्ट्या वर जाई आणि खालून सिलिंडरमध्ये वाफ भरे. मग आत गार पाण्याची चिळकांडी. वाफेचं पाणी झालं की ते वाफेच्या दीड हजाराव्या भागाहूनही कमी जागेत मावतं, म्हणजे आत जवळपास पोकळीच. वरून हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटायचा आणि पलीकडे पंप वर उचलला जायचा.

चिळकांडीची युक्ती अपघाताने सापडली, असं न्यूकोमेनला ओळखणाऱ्या ट्रीवाल्ड या स्वीडिश माणसाने लिहून ठेवलंय. आधी सिलिंडरभोवती गार पाणी खेळवत. एकदा सिलिंडरचं भोक बुजवायला दिलेला धातूचा डाग वितळला, बाहेरचं पाणी आत घुसलं आणि दट्ट्या एवढ्या जोरात खाली आला की साखळी तुटली.

डडलीच्या इंजिनाचा सिलिंडर 21 इंच व्यासाचा होता. मिनिटाला 12 फेऱ्या आणि दर फेरीला सुमारे 45 लिटर पाणी 47 मीटर वर. हिशेब केला तर साडेपाच अश्वशक्ती. पण कोळशाची उधळपट्टी भयंकर. जळालेल्या उष्णतेच्या 100 भागांतला एक भागही कामी येत नसे.

ती उष्णता जायची कुठे, हे वॅटने शोधलं. ग्लासगो विद्यापीठात 1763-64 च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेन इंजिनाची प्रतिकृती दुरुस्तीला आली. थोड्या फेऱ्या झाल्या की वाफ संपून ती बंद पडे. वॅटने मोजलं तर दर फेरीला सिलिंडरच्या आकारमानाच्या कितीतरी पट वाफ खर्च होत होती. चिळकांडीने सिलिंडरची भिंतही गार होई, मग पुढच्या फेरीतली बरीचशी वाफ ती तापवण्यातच खपे. लहान प्रतिकृतीत आकारमानाच्या मानाने भिंत जास्त, म्हणून तिथे हे ठळक दिसलं.

1765 मध्ये त्याला उपाय सुचला. वाफ सिलिंडरमध्ये थंड करायचीच नाही, शेजारच्या वेगळ्या भांड्यात ओढून तिथे करायची. सिलिंडर कायम गरम, भांडं कायम गार. पेटंट 1769 चं, पण चालतं इंजिन 1776 मध्ये. मधली वर्षं बरीचशी दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातल्या फटीपायी गेली. न्यूकोमेनच्या दट्ट्यावर चामड्याची चकती असे आणि वर पाण्याचा थर, म्हणून सिलिंडर थोडा वेडावाकडा असला तरी भागे. वॅटला वर पाणी चालणार नव्हतं, ते सिलिंडर गार करतं! जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तोफांच्या कारखान्यात दोन्ही बाजूंनी आधार दिलेल्या दांड्यावर सिलिंडर कातून दिले, तेव्हा कुठे जमलं.

वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन इंजिनाचं भाडं म्हणून न्यूकोमेन इंजिनाच्या मानाने वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश घेत. म्हणून त्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः कॉर्नवॉलच्या तांब्या-कथलाच्या खाणी, जिथे कोळसा बाहेरून येई. वाफेने स्वतः जोर लावायचं, म्हणजे जास्त दाबाचं इंजिन वॅटला धोक्याचं वाटे. त्याचं पेटंट 1800 मध्ये संपल्यावर कॉर्नवॉलच्याच ट्रेव्हिथिक या इंजिनिअरने ते चालवून दाखवलं. रेल्वेचं इंजिन त्या घराण्यातलं.

आणि कोळशाच्या खाणीवाल्यांना वॅटची गरजच काय? न विकला जाणारा चुरा दारातच पडलेला. यॉर्कशायरमधल्या एल्सेकारला 1795 मध्ये, वॅटचं इंजिन बाजारात असताना, न्यूकोमेन पद्धतीचंच इंजिन बसवलं गेलं. ते 1923 पर्यंत पाणी उपसत होतं.