तीन अ‍ॅड सेट, पण माणसं तीच

साड्या विकण्यासाठी फेसबुक-इन्स्टाग्रामवर म्हणजे मेटावर चालवलेले तुमचे तीन अ‍ॅड सेट (आवडीनुसार निवडलेले नवे लोक, वेबसाइटवर येऊन गेलेले आणि जुने ग्राहक) कागदावर वेगळे दिसतात, पण एकमेकांतून वगळलेले नाहीत. कालच साडी घेतलेली बाई तिन्हींत बसते आणि तिला तीच साडी पुन्हा दाखवायला तुम्ही पैसे मोजता. मेटा तुमच्याच दोन सेटना जाहिरातीच्या जागेच्या एका लिलावात सहसा भिडवत नाही, एकाला बाजूला ठेवतं. म्हणून एखादा सेट बजेट असूनही रखडतो.

आधी एवढंच करा:

- नव्या लोकांच्या सेटमधून गेल्या 30 दिवसांतले वेबसाइटवाले आणि 180 दिवसांतले खरेदीदार वगळा.
- वेबसाइटवाल्यांच्या सेटमधूनही खरेदीदार वगळा. नवशिके हेच विसरतात. वेबसाइटवर कोण आलं आणि कुणी खरेदी केली हे टिपणाऱ्या पिक्सेलमधून बरेच जण निसटतात, तेव्हा ग्राहकांच्या फोन नंबरांची यादीही चढवा आणि दर आठवड्याला ताजी करा.

मग 7 दिवसांची फ्रिक्वेन्सी, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली, ते बघा. जाहिरात 42,000 वेळा दिसली म्हणजे इम्प्रेशन्स 42,000 आणि ती 6,000 लोकांना दिसली म्हणजे रीच 6,000, तर प्रत्येकाला सरासरी 7 वेळा. आकडा चढतोय, सीटीआर, म्हणजे क्लिकचं प्रमाण, उतरतोय आणि खरेदीमागचा खर्च वाढतोय, असं तिन्ही एकदम दिसलं तर लोक कंटाळलेत. नुसत्या मोठ्या आकड्याला घाबरू नका.

जागरूकतेच्या, रीचवर चालणाऱ्या मोहिमेत 7 दिवसांत 2 वेळा अशी मर्यादा घालता येते. विक्रीच्या मोहिमेत अशी पक्की मर्यादा शोधत बसू नका. तिथे बजेट कमी करा किंवा वेबसाइटवाल्यांचा 30 दिवसांचा गट 60 चा करा.