सोन्याच्या वर्षअखेरच्या अंदाजात आकड्याआधी 'जर' वाचा

प्रश्न: सोन्याच्या वर्षअखेरच्या भावाबद्दल प्रत्येक बँकेचा आकडा इतका वेगळा का असतो? डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, मी कोणाचं ऐकू?

मी एका सराफी पेढीचे हिशेब पाहतो. असे अंदाज दिसले की तारखेसकट वहीत उतरवून ठेवतो. त्यातलं जून २०२५ चं पान तुमच्यासाठी उघडतो. तेव्हा सोनं औंसाला ३,४०० डॉलरच्या आसपास होतं. अमेरिकी बँक गोल्डमन सॅक्सचा आकडा होता वर्षअखेरीस ३,७०० आणि २०२६ च्या मध्यापर्यंत ४,०००. त्याच महिन्यात सिटी ही दुसरी अमेरिकी बँक म्हणत होती की पुढच्या काही तिमाह्यांत भाव ३,००० च्या खाली येईल आणि २०२६ च्या उत्तरार्धात २,५०० ते २,७०० वर जाईल.

दोघांकडे माहिती तीच होती. फरक होता तो, उद्या सोनं कोण विकत घेईल, या गृहीतकात. गोल्डमनचा भर मध्यवर्ती बँकांवर होता. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. तेव्हापासून अनेक देशांच्या बँका डॉलरच्या रोख्यांऐवजी आपल्या तिजोरीत सोनं ठेवू लागल्या. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांची खरेदी हजार टनांच्या वर होती. असा गिऱ्हाईक भाव वाढला म्हणून लगेच मागे सरत नाही. सिटीची नजर होती गुंतवणूकदारांवर. त्यांचं म्हणणं असं, की हे लोक भीतीपोटी सोन्यात आलेत. अमेरिकेची वाढ सावरली, व्याजदर उतरले, की भीती ओसरेल आणि मागणीही.

आणखी एक कारण आहे. २०२२ पर्यंत एक नातं चांगलं टिकून होतं: महागाई वजा जाता हाती उरणारा अमेरिकी व्याजदर वाढला की सोनं पडायचं. त्यानंतर तो दर शून्याखालून दोन टक्क्यांच्या आसपास गेला, पण सोनं पडलं नाही. ज्यांचं गणित त्या जुन्या वर्षांवर बसवलेलं होतं, त्यांचे आकडे बराच काळ बाजाराच्या खालीच येत राहिले.

आता पुढे काय झालं ते पाहा. ऑगस्टच्या सुरुवातीला सिटीने पुढच्या तीन महिन्यांसाठीचा आकडा ३,३०० वरून ३,५०० केला. कारण त्यांनीच दिलं: अमेरिकेच्या वाढीचं आणि महागाईचं चित्र बिघडलं. म्हणजे 'वाढ सावरली तर' हा त्यांचा 'जर' दोन महिन्यांतच डळमळला होता. जूनचा अहवाल ज्याने नीट वाचला, त्याला हे बातमीआधीही जाणवलं असतं. ज्याच्या लक्षात फक्त '३,००० च्या खाली' एवढंच राहिलं, तो मात्र खरेदी लांबवत बसला.

सोनं ऑक्टोबरात ४,००० च्या पार गेलं आणि वर्ष ४,३०० च्या वर संपलं. दिशा गोल्डमनची बरोबर ठरली, तरी आकडा सहाशे डॉलरने हुकला. शिवाय त्यांचाच त्याच वर्षअखेरचा आकडा फेब्रुवारीत ३,१०० होता, मार्चमध्ये ३,३०० झाला आणि एप्रिलमध्ये ३,७००. अंदाज भावामागे धावत होता. म्हणून मी तारीख नसलेला अंदाज वहीत घेतच नाही. एकाच दिशेने पुन्हापुन्हा बदललेला आकडा दिसला, तर 'यांचं मूळ गृहीतक अजून पूर्ण बसलेलं नाही' एवढंच त्यातून घ्यावं.

बातम्यांत एक घोळ नेहमी होतो: वर्षाची सरासरी आणि वर्षअखेरचा भाव एकाच रांगेत छापतात. लंडनच्या सराफा संघटनेचं, एलबीएमएचं, दर जानेवारीतलं सर्वेक्षण सरासरीचं असतं. २०२५ ची सरासरी साधारण ३,४३० आणि अखेर ४,३०० च्या वर, म्हणजे ३,४०० म्हणणारा आणि ४,३०० म्हणणारा दोघेही अचूक असू शकले असते.

तुमच्या लग्नासाठी मात्र डॉलरचा भाव हा अर्धाच हिशेब आहे. औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. सोनं ४,००० डॉलर आणि डॉलर ८८ रुपये धरला, तर दहा ग्रॅम चोख सोनं १,१३,१७० रुपयांना पडतं. २०२५ मधली सहा टक्के आयात ड्युटी धरून १,१९,९६०, वर तीन टक्के जीएसटी म्हणजे सुमारे १,२३,५६०. घडणावळ वेगळी. आता सोनं तिथेच ठेवून डॉलर फक्त साडेपंच्याऐंशीचा धरा, तोच तोळा साडेतीन हजारांनी खाली येतो. २०२५ मध्ये रुपया पंच्याऐंशी-शहाऐंशीवरून नव्वदच्या जवळ घसरला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ड्युटी १५ वरून ६ टक्के झाली, तेव्हा तर लंडनचा भाव फारसा न हलता इथला भाव एका दिवसात पडला होता. परदेशी बँकेच्या डॉलरमधल्या आकड्यात यातलं काहीच नसतं.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो, तर पाटल्या-मंगळसूत्राला लागणारे तोळे आधी नक्की केले असते आणि त्यांचे डिसेंबरपर्यंत चार-पाच भाग पाडून चोख वळं घेत गेलो असतो. घडवायला टाकायचं दोन महिने आधी, कारण दागिन्याला वेळ लागतो. दोन बँकांच्या आकड्यांत हजार डॉलरचं अंतर दिसलं, तर एकीची निवड करू नका. तेवढ्या रकमेची चढउतार तुमच्या बजेटला झेपते का, ते पाहा.